हीट एक्स्चेंजरचा टाइम कॉन्स्टंट कागदावर १० सेकंद आणि लॉगमध्ये ४०, मग चूक नेमकी कुठे?

हा प्रॉब्लेम माझ्यासमोर इतक्या वेळा आलाय की आता ग्राफ बघितला की हात आपोआप ठरावीक क्रमाने चालतात. तोच क्रम इथे लिहितोय. प्रकार साधा आहे. एक्स्चेंजरच्या गरम बाजूचं इनलेट टेम्परेचर एकदम बदललं, म्हणजे स्टेप दिली, आणि थंड बाजूचं आउटलेट कसं चढतं ते लॉग केलं. मॉडेल फर्स्ट ऑर्डरचं, म्हणजे एकच टाइम कॉन्स्टंट, ज्याला सगळे टाउ म्हणतात. स्टेपनंतर एक टाउ झाला की एकूण बदलाच्या ६३.२ टक्के बदल झालेला असतो, तीन टाउला ९५ टक्के, पाच टाउला ९९ टक्क्यांच्या वर. आणि मग कागदावरचा टाउ आणि लॉगमधला टाउ जुळत नाहीत, थोडेथोडके नाही, तीनचार पटीने.

लक्षणं

यातलं एक जरी दिसत असेल तरी पुढचं वाचा. लॉगमधून काढलेला टाउ हिशोबापेक्षा कितीतरी मोठा येतोय. मॉडेलची रेषा स्टेपच्या क्षणी लगेच उचलते पण खरी रेषा आधी थोडा वेळ सपाट राहते, मग हळूच वळते, म्हणजे तिचा आकार आडव्या एस सारखा दिसतो. तीच टेस्ट दुसऱ्या दिवशी केली की टाउ वेगळा. ६३ टक्क्यांपर्यंत मॉडेल छान बसतं पण शेवटचे १० टक्के संपता संपत नाहीत. किंवा आउटलेट वर चढून परत थोडं खाली येतं, जे एका टाउचं मॉडेल कधीच करू शकत नाही.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण धरून चालतो म्हणजे आकडे डोक्यात राहतील. शेल अँड ट्यूब एक्स्चेंजर, दोन्ही बाजूंना पाणी. ट्यूबमधून गरम पाणी सेकंदाला १ किलो, शेलमधून थंड पाणी सेकंदाला १.२५ किलो. गरम पाणी ६० ला आत येतं, ४० ला बाहेर पडतं. थंड पाणी २५ ला आत, ४१ ला बाहेर. स्टेप म्हणजे गरम इनलेट ६० वरून ७० अंश. लॉगमधून काढलेला टाउ २७ सेकंद आणि त्याच्या आधी १४ सेकंदांचा डेड टाइम, म्हणजे स्टेपनंतर रेषा हललीच नाही असा धरलेला वेळ, दोन्ही मिळून साधारण ४०. कागदावर सगळं मिळून १० सेकंदसुद्धा भरत नव्हते.

आधी लॉगरकडे बघा, एक्स्चेंजरकडे नाही

हे फुकट आहे आणि खुर्चीवर बसून होतं म्हणून पहिलं. ट्रान्समीटरमध्ये डॅम्पिंग नावाची सेटिंग असते, रीडिंग थरथरू नये म्हणून कुणीतरी ती कधीतरी वाढवून ठेवलेली असते आणि नंतर विसरून गेलेलं असतं. ती डॅम्पिंग म्हणजे स्वतः एक फर्स्ट ऑर्डर फिल्टर, म्हणजे तिथे १० सेकंद लिहिलेले असतील तर तुमच्या आउटलेटच्या रेषेत १० सेकंद फुकटचे आलेच. टेस्टपुरती ती शून्य करा, आधीचा आकडा कागदावर लिहून ठेवा आणि टेस्ट संपली की परत तोच घाला, कारण तो आकडा कंट्रोल लूपच्या ट्यूनिंगमध्ये धरलेला असू शकतो.

दुसरं म्हणजे डेटा साठवताना होणारं कॉम्प्रेशन. बऱ्याच सिस्टीम टेम्परेचर ठरावीक अंतरापेक्षा जास्त बदललं तरच नवा पॉइंट साठवतात आणि मधल्या जागेत सरळ रेष ओढतात. आपल्या उदाहरणात आउटलेट एकूण साडेचार अंश चढतं, आणि साठवायची मर्यादा अर्धा अंश असेल तर अख्ख्या वळणावर जेमतेम नऊ पॉइंट मिळणार. ओळखायची खूण सोपी आहे, ग्राफ मोठा करून बघा, वळणाऐवजी सरळ तुकडे जोडलेले दिसले तर तो डेटा टाउ काढायला घेऊ नका. सेकंदाला एक रीडिंग आणि कॉम्प्रेशन बंद, एवढं असलं की पुरे.

स्टेप खरंच स्टेप होती का

बहुतेक लोक व्हॉल्व्हला कमांड दिली तो क्षण शून्य धरतात. पण व्हॉल्व्ह उघडायला वेळ लागतो. आमच्या उदाहरणात थ्री वे व्हॉल्व्हला पूर्ण फिरायला ४ सेकंद लागत होते, म्हणजे इनलेट हळूहळू ४ सेकंदांत चढलं, म्हणजे सरासरी २ सेकंद उशीर तिथेच झाला. ४० मध्ये २ म्हणजे काही मोठं नाही, पण मी असाही व्हॉल्व्ह बघितलाय की जो अर्धा मिनिट घेतो, आणि तिथे लोक एक्स्चेंजरला नावं ठेवत बसलेले. म्हणून आउटलेटच्या ग्राफवर इनलेटचा ग्राफ नेहमी चढवून बघायचा.

त्याच बरोबर दोन्ही बाजूंचे फ्लो पण त्याच ग्राफवर घ्या. टेस्टच्या वेळी आउटलेटचा टेम्परेचर कंट्रोलर मॅन्युअलवर पाहिजे. तो ऑटोमध्ये राहिला तर आउटलेट चढायला लागलं की तो फ्लो बदलतो आणि रेषा वर जाऊन परत खाली येते. वर लक्षणांत लिहिलेला तो उंचवटा जवळपास प्रत्येक वेळी याच कारणाने निघालाय. कंट्रोलर मॅन्युअलवर टाकायच्या आधी ऑपरेटरला सांगा आणि तो शेजारी उभा पाहिजे, अलार्मला आणि ट्रिपला, म्हणजे मर्यादा ओलांडली की आपोआप बंद करणाऱ्या यंत्रणेला, मात्र हात लावायचा नाही.

गेनची परीक्षा, एक भागाकार आणि निम्मे घोळ बाहेर

टाउच्या मागे लागण्याआधी शेवटचा आकडा बरोबर येतोय का ते बघा, ही माझी सगळ्यात आवडती तपासणी आहे कारण कॅल्क्युलेटरसुद्धा लागत नाही. फ्लो बदलले नाहीत आणि हीट ट्रान्सफर कोइफिशियंट साधारण तोच राहिला, तर एक्स्चेंजर लिनियर असतो. म्हणजे गरम इनलेटच्या एका अंशामागे थंड आउटलेट किती चढणार, यालाच गेन म्हणतात, ते स्टेपच्या आधीच्या स्थिर रीडिंगवरूनच सांगता येतं:

```
K = (Tc_out - Tc_in) / (Th_in - Tc_in)
K = (41 - 25) / (60 - 25) = 16/35 = 0.457
```

गरम इनलेट १० अंश वाढलं तर थंड आउटलेट ४.५७ अंश वाढायला पाहिजे, म्हणजे ४१ वरून साधारण ४५.६. लॉगमध्ये शेवटी ४५.६ च्या आसपास आलं तर फ्लो स्थिर होते, कंट्रोलर गप्प होता आणि रेषा खरंच स्थिरावली. ४४ वरच थांबलं तर एकतर थंड बाजूचा फ्लो वाढला, किंवा टेस्ट लवकर बंद केली, किंवा मधेच थंड इनलेट बदललं. असा लॉग टाउ काढायला वापरायचा नाही, कारण टाउ काढताना ६३.२ टक्के कशाचे तर या शेवटच्या आकड्यापर्यंतच्या बदलाचे. तोच चुकला तर वेळ चुकणारच.

एक अट मात्र आहे. जाड तेल असेल तर टेम्परेचर वाढलं की तेल पातळ होतं आणि कोइफिशियंट बदलतो, मग ही परीक्षा थोडी सरकते आणि चढतानाचा आणि उतरतानाचा टाउसुद्धा वेगळा येतो. पाणी ते पाणी असेल आणि तरी चढता उतरता फरक पडत असेल तर फ्लोवर संशय घ्या.

टाउ काढताना एक नाही, दोन पद्धती वापरा

पहिली पद्धत दोन पॉइंटची. बदलाचे २८.३ टक्के कधी झाले आणि ६३.२ टक्के कधी झाले ते वाचा. आपल्या लॉगमध्ये ४२.३ अंश २३ व्या सेकंदाला आणि ४३.९ अंश ४१ व्या सेकंदाला आले.

```
tau   = 1.5 * (t63 - t28) = 1.5 * (41 - 23) = 27 s
theta = t63 - tau         = 41 - 27         = 14 s
```

थीटा म्हणजे डेड टाइम. आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. हे १४ सेकंद पाण्याला पाइपातून यायला लागले असं नाही. दोन तीन छोटे मोठे लॅग, म्हणजे हळूहळू प्रतिसाद देणाऱ्या गोष्टी, एकामागे एक असले की रेषा सुरुवातीला सपाट राहते आणि एका टाउचं मॉडेल तो सपाटपणा डेड टाइममध्ये ढकलतं. पाइपाचा खरा वेळ पुढे काढलाय, तो फक्त ४ सेकंद होता.

दुसरी पद्धत क्षेत्रफळाची, आणि दोष शोधायला हीच जास्त कामाची. शेवटच्या आकड्याची आडवी रेष आणि खरी रेषा यांच्यामधलं क्षेत्रफळ काढा, त्याला एकूण बदलाने भागा. जो आकडा येतो तो म्हणजे सरासरी उशीर, थीटा अधिक टाउ. स्प्रेडशीटमध्ये एक ओळ, बी कॉलममध्ये स्टेपपासूनची दर सेकंदाची रीडिंग, एफ१ मध्ये सुरुवातीचा आकडा आणि एफ२ मध्ये शेवटचा:

```
=SUMPRODUCT(F2-B2:B241)/(F2-F1)
```

आपल्या लॉगमध्ये ४० आले. दोन पॉइंटच्या पद्धतीने २७ अधिक १४, म्हणजे ४१. जुळलं. या आकड्याची खासियत अशी की एकामागे एक असलेल्या सगळ्या गोष्टींचे उशीर त्यात सरळ बेरजेने येतात, मग तो व्हॉल्व्ह असो, पाइप असो, एक्स्चेंजर असो की सेन्सर. म्हणजे ४० सेकंदांची वजाबाकी करत करत दोषी शोधता येतो. फक्त शेवटचा आकडा काळजीने निवडा. तो ०.१ अंशाने चुकला तरी २४० सेकंदांच्या पट्ट्यात पाचेक सेकंदांची चूक घुसते. म्हणून शेवटच्या मिनिटाची सरासरी घ्यायची, एकच रीडिंग नाही.

एक्स्चेंजरच्या वाट्याला किती सेकंद, उष्णतेची जमाखर्च वही

आता कागदावरचा आकडा कसा काढायचा. लोक पुस्तकातलं सूत्र घेतात, ते पूर्ण ढवळलेल्या टाकीचं असतं, आणि मग ते बसत नाही. मी जमाखर्च करतो. स्टेपनंतर एक्स्चेंजरच्या पोटात किती जास्तीची उष्णता साठली, आणि दर सेकंदाला किती जास्तीची आत येत होती, भागाकार केला की झाला सरासरी उशीर. बाहेर हवेत जाणारी उष्णता किरकोळ असेल तर हे ऊर्जेच्या हिशोबाने पक्कं आहे, यात टाकी ढवळलेली आहे वगैरे काही मानावं लागत नाही. दोन्ही आउटलेटचा मिळून सरासरी उशीर येतो एवढंच, एका आउटलेटचा त्यापेक्षा थोडा कमीजास्त असू शकतो.

ट्यूबमध्ये ५ किलो पाणी. ते एका टोकाला १० अंश चढलं आणि दुसऱ्या टोकाला ४.३, सरासरी ७.१. पाण्याची उष्णताधारकता ४.१८ धरली तर १४९ किलोज्यूल. शेलमध्ये १५ किलो पाणी, सरासरी २.३ अंश चढलं, १४३ किलोज्यूल. ट्यूबचं स्टील २० किलो, सरासरी ४.७ अंश, स्टीलची धारकता ०.५, म्हणजे ४७. शेलचं स्टील ५० किलो, २.३ अंश, ५७. बेरीज ३९६ किलोज्यूल. आत येणारी जास्तीची उष्णता दर सेकंदाला १ गुणिले ४.१८ गुणिले १०, म्हणजे ४१.८ किलोवॅट.

```
396 / 41.8 = 9.5 s
```

म्हणजे ४० पैकी एक्स्चेंजरचे साडेनऊ सेकंद, व्हॉल्व्हचे २. उरलेले साडेअठ्ठावीस सेकंद कुठेतरी बाहेर आहेत. या बेरजेत धातूचा वाटा किती लहान आहे तेही बघा, पाणी ते पाणी असेल तर उष्णता मुख्यतः पाण्यातच साठते. एका बाजूला वायू असेल तर मात्र चित्र उलटं होतं, तिथे धातूच सगळं ठरवतो.

पाइपाचे सेकंद

एक्स्चेंजरच्या नोझलपासून सेन्सरपर्यंत किती पाइप आहे ते टेप घेऊन मोजा, ड्रॉइंगवर विसंबू नका. आमच्याकडे सेन्सर ४ मीटर पुढे होता. आतला व्यास ४० मिलिमीटर, म्हणजे मीटरमागे साधारण १.२५ लिटर, चार मीटरमध्ये ५ लिटर, फ्लो सेकंदाला १.२५ लिटर. ४ सेकंद. हे शुद्ध डेड टाइम आहेत, मॉडेलमध्ये टाउमध्ये कोंबायचे नाहीत, वेगळे लिहायचे. राहिले साडेचोवीस.

सेन्सर, जिथे बहुतेक वेळा शोध संपतो

आरटीडी, म्हणजे टेम्परेचर मोजणारा सेन्सर, थर्मोवेलमध्ये, म्हणजे पाइपात घुसवलेल्या बंद तोंडाच्या नळीत बसलेला असतो. म्हणजे पाणी, मग वेलची भिंत, मग आत हवेची फट, मग आरटीडीचं आवरण, मग खरा एलिमेंट. यातली हवेची फट सगळ्यात वाईट, कारण हवा उष्णता नीट जाऊ देत नाही. एक्स्चेंजर ९ सेकंदांचा आणि सेन्सर २४ चा असेल तर तुम्ही जो टाउ काढताय तो मुख्यतः सेन्सरचा टाउ आहे, एक्स्चेंजर त्याच्या सावलीत लपलाय.

तपासायला एक बादली लागते. ६० अंशाचं पाणी, सतत ढवळत राहायचं. सेन्सर आधी हवेत ठेवून स्थिर होऊ द्या, समजा २७ अंश. फरक ३३, त्याचे ६३.२ टक्के साधारण २१, म्हणजे रीडिंग ४८ ला पोचेपर्यंत किती सेकंद लागले ते स्टॉपवॉचवर बघायचं. आमचा उघडा एलिमेंट ६ सेकंदांत पोचला. तोच एलिमेंट, त्याच हेडसकट, तशाच स्पेअर थर्मोवेलमध्ये लाइनवर बसवतात तसा बसवून बुडवला तर २६ सेकंद. बादलीत पाण्याचा वेग पाइपापेक्षा कमी असतो म्हणून लाइनवर थोडा कमी धरायचा, २४ धरला. २ अधिक ९.५ अधिक ४ अधिक २४, म्हणजे ३९.५. लॉगमध्ये ४०. हिशोब बसला.

मग २६ का, ते बघायला एलिमेंटवर मार्करने खूण केली, हाताने वेलच्या तळापर्यंत दाबला, परत खूण केली. दोन खुणांमध्ये ८ मिलिमीटर अंतर. म्हणजे एलिमेंट तळाला टेकतच नव्हता, स्प्रिंग दाबलीच जात नव्हती, टोक हवेत लटकत होतं. योग्य लांबीचा एलिमेंट घालून तळाला टेकवल्यावर तीच बादली, तोच वेल, १६ सेकंद. लाइनवर लावल्यावर लॉगमधला सरासरी उशीर ४० वरून ३१ झाला. ८ मिलिमीटर हवेचे ९ सेकंद.

लाइन चालू असताना फक्त आतला एलिमेंट काढायचा, थर्मोवेल नाही. वेल ही प्रेशरची भिंत आहे. एलिमेंटचा कनेक्टर आणि वेलचा थ्रेड यात गल्लत होऊ शकते, तिथे शंका असेल तर पाना बाजूला ठेवा आणि इन्स्ट्रुमेंटवाल्याला बोलवा. आणि तो सेन्सर ट्रिपला जोडलेला असेल तर परवानगीशिवाय कनेक्शन सोडायचंच नाही.

बादली शक्य नसेल तर दुसरा मार्ग आहे. इनलेटला आणि आउटलेटला अगदी एकसारखे वेल आणि एलिमेंट असतील तर दोन्ही रेषांचा सरासरी उशीर क्षेत्रफळाने काढा आणि वजा करा. सेन्सरचा उशीर दोन्हीकडे सारखा म्हणून तो कटतो, व्हॉल्व्हचा पण कटतो, उरतो एक्स्चेंजर आणि पाइप. आम्ही नंतर पडताळून बघितलं, साडेतेराच्या जागी १४ आले.

फ्लो अर्धा करून बघा

इथपर्यंत येऊनही पटत नसेल, किंवा सेन्सर काढू देत नसतील, तर दोन्ही फ्लो अर्धे करून तीच स्टेप परत द्या. याला प्लांटचा वेळ लागतो म्हणून उशिरा ठेवलंय. एक्स्चेंजर आणि पाइप यांचे सेकंद साधारण दुप्पट होतात, कारण साठलेली उष्णता जवळपास तेवढीच आणि आत येणारी निम्मी. सेन्सरचे सेकंद थोडेसेच वाढतात, कारण त्याचा मुख्य अडथळा आतल्या फटीत आहे, पाण्याच्या वेगात नाही. आमच्या जुन्या सेन्सरसह हिशोब केला तर साडेतेराचे २७, सेन्सरचे २४ चे २६ वगैरे, व्हॉल्व्हचे २, म्हणजे ५५ च्या आसपास यायला पाहिजे. सगळा उशीर एक्स्चेंजरचा असता तर ८० आले असते. एवढा मोठा फरक डोळ्यांनी दिसतो.

यातूनच वरचं आणखी एक लक्षण पण सुटतं, टाउ रोज वेगळा का येतो. फ्लो वेगळा तर टाउ वेगळा, टाउ हा एक्स्चेंजरचा जन्मजात आकडा नाही. टाउ लिहिताना शेजारी दोन्ही फ्लो लिहिले नाहीत तर तो आकडा पुढच्या माणसाच्या काही उपयोगाचा नाही.

शेवटचे १० टक्के संपत नसतील तर

हे सगळं बरोबर असूनही लांब शेपटी राहत असेल तर एक टाउ पुरत नाही हे मान्य करा. शेलची जाड भिंत, फ्लँज आणि ट्यूबशीट, म्हणजे ट्यूबची टोकं जिच्यात बसवतात ती जाड प्लेट, हळू तापतात, शेलच्या कोपऱ्यात पाणी साचून राहतं, किंवा वर हवा अडकलेली असते. हवा अडकली असेल तर शेलचा व्हेंट उघडून बघणं स्वस्तातलं काम आहे, पण पाणी किती गरम आणि किती प्रेशरखाली आहे ते बघूनच, आणि व्हेंटच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही. व्हेंट करूनही शेपटी तशीच असेल तर दोन टाउचं मॉडेल घ्या, मोठा टाउ लहान वाट्यासह. एका टाउवर हट्टाने फिट केलं की सुरुवात आणि शेवट दोन्ही बिघडतात.

आणि एक नेहमी विचारलं जातं, कंट्रोलर ट्यून करायला कुठला टाउ घ्यायचा. तिथे सेन्सरसकटचाच घ्या, २७ आणि १४, कारण कंट्रोलर सेन्सरच्याच डोळ्याने बघतो. सेन्सर सुधारला तर परत टेस्ट करून नवे आकडे घाला. एक्स्चेंजरचं सिम्युलेशन करायचं असेल किंवा दोन एक्स्चेंजरची तुलना करायची असेल तेव्हाच सेन्सर वेगळा काढायचा.

कुठे थांबायचं

दर महिन्याला तीच टेस्ट करताना गेन खाली घसरत असेल आणि सोबत प्रेशर ड्रॉप वाढत असेल तर आत थर जमतोय, मॉडेलशी खेळून काही होणार नाही, एक्स्चेंजर उघडून साफ करणाऱ्या टीमकडे द्या. स्थिर अवस्थेत गरम बाजूने दिलेली उष्णता आणि थंड बाजूने घेतलेली उष्णता जुळत नसेल आणि फ्लोमीटर तपासून बरोबर निघाले असतील, किंवा एका बाजूचं पाणी दुसऱ्या बाजूला दिसत असेल, तर ट्यूब फुटल्याचा संशय धरा आणि टेस्ट तिथेच बंद करा.

स्टेप किती मोठी द्यायची हे पण आपल्या मनाने वाढवायचं नाही. १ अंशाची स्टेप दिली तर आउटलेट अर्धा अंशसुद्धा हलत नाही आणि सगळं थरथरीत बुडतं हे खरं, पण म्हणून ४० अंशांची देऊ नका. एकदम मोठा बदल झाला की पातळ ट्यूब लगेच तापतात आणि जाड ट्यूबशीट मागे राहते, जोडावर ताण येतो, गॅस्केट सुटू शकते. बनवणाऱ्याच्या कागदात टेम्परेचर किती वेगाने बदललेलं चालतं ते दिलेलं असतं, नसेल तर मेकॅनिकल इंजिनियरला विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही.

सेन्सरचा उशीर ट्रिपवर आला तर प्रश्न सेफ्टीचा होतो. टेम्परेचर सेकंदाला अर्धा अंश चढत असेल आणि सेन्सरचा टाउ २४ सेकंद असेल तर थोड्या वेळाने रीडिंग खऱ्या टेम्परेचरच्या १२ अंश मागे चालतं. ट्रिप ९० ला ठेवला असेल तर तो पडेपर्यंत पाणी १०२ ला गेलेलं असेल. असं काही तुमच्या लॉगमध्ये दिसलं तर ट्रिपचा आकडा स्वतः बदलू नका, ग्राफ, बादलीचे आकडे आणि हिशोब घेऊन त्याच दिवशी प्रोसेस सेफ्टीवाल्यांकडे जा.